“आज कशी काय आठवण झाली?”



मागच्या वेळी मी पायांवरच्या सुजेविषयी लिहिले होते. या वेळी सुरुवात सुजेपासूनच करते, पण सांगायचे आहे ते वेगळे. लोदमध्ये माझ्या ओळखीच्या एक बाई राहतात. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. वय 79, यजमान जाऊन सहा वर्षे झाली. हृदय अशक्त असल्यामुळे लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. एका गुरुवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. ताई सोफ्यावर बसूनच झोपल्या होत्या. तीन रात्री आडवे होता आले नव्हते, आडवे झाले की दम लागत होता. चपला रविवारपासून पायात जात नव्हत्या. मी त्यांना वजनकाट्यावर उभे केले, तर आठवड्यात तीन किलो वाढलेले.

हृदयाच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर ते खाण्याने वाढलेले नसते, ते अंगात साठलेले पाणी असते. त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचे असते. ताईंना हे पाठ आहे, मीच दोन वेळा सांगितले होते. मी 101ला फोन केला, रुग्णवाहिका आली आणि ताई सहा दिवस इस्पितळात राहिल्या. फुप्फुसात पाणी उतरायला लागले होते.

त्यांचा मुलगा मोदिईनला राहतो, गाडीने वीस मिनिटांवर. त्याला बातमी इस्पितळातून कळली. तो धावत आला आणि कॉटपाशी उभा राहून आईवर ओरडला, “फोन का नाही केलास?” ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “तुला कुठे वेळ असतो!”

चाळीस वर्षे मी नर्सचे काम केले. हे वाक्य मी इतक्या आयाबापांच्या तोंडून ऐकले आहे की पूर्वी मला ते मुलांच्या बेफिकिरीचे वर्णन वाटायचे. आता तसे सरसकट वाटत नाही. मुलाला वेळ नसतो हे ताईंना कसे कळले? त्यांनी विचारले होते का? नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी फोन उचललाच नव्हता. नकार त्यांना मिळाला नव्हता, त्यांनी तो स्वतःच्या मनात आधीच ऐकून ठेवला होता.

मानसशास्त्रात याला रिजेक्शन सेन्सिटिव्हिटी म्हणतात. मी त्याला नकाराची धास्ती म्हणेन. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेराल्डिन डाऊनी या बाईंनी यावर बरेच काम केले. 1996 साली त्यांनी आणि स्कॉट फेल्डमन यांनी ही धास्ती मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची रीत साधी आहे आणि समजून घेण्यासारखी आहे.

प्रसंग असा दिलेला असतो की तुम्ही कोणाकडे तरी काही मागता आहात. मग दोन प्रश्न. समोरचा हो म्हणेल की नाही याची तुम्हाला किती काळजी वाटते? आणि तो हो म्हणेल असे तुम्हाला कितपत वाटते? दोन्हींना 1 ते 6 गुण द्यायचे. दुसरा आकडा सातातून वजा करायचा आणि जे उरेल त्याने पहिल्या आकड्याला गुणायचे. समजा ताईंना मुलाला दवाखान्यात न्यायला सांगायचे आहे. काळजी 5, आणि तो हो म्हणेल याची आशा 2. सातातून दोन गेले पाच, पाचा पाचा पंचवीस. आता दुसरी एक आई घ्या. तिलाही काळजी तेवढीच, 5, पण मुलगा येईल याची तिला खात्री आहे, 6. सातातून सहा गेला एक, पाच एके पाच. तिसरी म्हणते, नाही आला तर नाही आला, मी टॅक्सीने जाईन. तिची काळजी 1 आणि आशा ताईंएवढीच 2, म्हणजे तिचेही पाच. नुसती काळजी किंवा नुसती निराशा फारसे काही करत नाही. ज्या माणसाची आपल्याला फार गरज आहे, तोच आपल्याला दूर सारील असे मनात पक्के बसले की आकडा पंचविसावर जातो.

असा आकडा असलेला माणूस साध्या गोष्टीत नकार ऐकतो. याची त्यांनी परीक्षाही घेतली. दोन अनोळखी माणसांची थोडा वेळ गप्पागोष्टींत गाठ घालून दिली. मग एकाला सांगितले की समोरच्याला पुढच्या भागात यायचे नाही. कारण सांगितले नाही. ज्यांची धास्ती मोठी, त्यांना ते फार लागले, आपलेच काही चुकले असे वाटले. पण वेळ संपल्यामुळे पुढचा भाग होणार नाही असे कारण सांगितले, तेव्हा त्याच प्रकारच्या माणसांना तसे काही वाटले नाही. सगळी जखम त्या न सांगितलेल्या कारणाच्या मोकळ्या जागेत होते. आपण ती जागा स्वतःच भरतो.

ताई घरी आल्यावर एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसले आणि म्हटले, “ताई, शेवटचा फोन झाला तो मला शब्दाला शब्द सांगा. तुम्हाला काय वाटले ते नंतर सांगा. आधी कोण काय बोलले ते.”

तो फोन आजाराच्या दोन आठवडे आधीचा. शुक्रवारसाठी ताईंनी मासळी आणली होती, नारळाचे दूध काढून ठेवले होते. मुलाकडे फोन केला, तो सुनेने उचलला. ताई म्हणाल्या, “तुम्ही या शुक्रवारीही यायचे नाहीच ना?” सून म्हणाली, “लो अख्शाव,” आत्ता नाही, आणि पुढे ताईंचे नाव घेतले. मागे मूल रडत होते. फोन ठेवला गेला. ताईंनी मासळी शेजारणीला देऊन टाकली आणि मनाशी ठरवले, आता मी फोन करणार नाही, बघू किती दिवसांनी आठवण येते.

यातला एकेक शब्द बघा. ताईंनी जे विचारले तो प्रश्न नव्हता. “यायचे नाहीच ना” यात उत्तर आधीच भरलेले आहे. ऐकणाऱ्याला वाटते की एक तर हिला आम्ही नको आहोत, नाही तर ही टोमणा मारते आहे. या मासळीचा, नारळाच्या दुधाचा त्या वाक्यात मागमूस नाही. ताईंना म्हणायचे होते, “मी तुमच्यासाठी रांधले आहे, या.” ते तोंडातून निघाले नाही, कारण ते म्हटले आणि नकार आला तर तो फार लागला असता. नकार आपणच आधी उच्चारला की कमी लागतो, असा हिशेब.

मग सुनेचे “लो अख्शाव”. ती मोरोक्कोहून आलेल्या घराण्यातली, इथेच जन्मलेली. इथल्या माणसाला आत्ता जमत नसेल तर तो आत्ता जमत नाही म्हणतो आणि विसरून जातो. आपले कान वेगळ्या घरात तयार झाले. आपल्याकडे तोंडावर नाही कोणी म्हणत नसे, “बघू” म्हणत, आणि त्या “बघू”चा अर्थ नाही हे सगळ्यांना समजे. नकार जिथे इतका झाकून द्यायची रीत, तिथे उघडा नकार म्हणजे अपमानच वाटणार. त्यात सून सासूला नावाने हाक मारते. इथे तो रिवाज आहे, पण ताईंना लग्नापासून ते खुपते. मलाही पहिल्यांदा खुपले असते, खोटे कशाला सांगू. एवढे मात्र खरे की त्या क्षणी सुनेच्या काखेत रडते मूल होते आणि तिने फोनबद्दल “आत्ता नाही” म्हटले की शुक्रवारबद्दल, हे ताईंना आजही माहीत नाही. त्यांनी विचारले नाही.

नंतर मी मुलाला फोन केला, ताईंना सांगूनच. तो मला मावशी म्हणतो. म्हणाला, “मावशी, मी फोन केला की आईचे पहिले वाक्य ठरलेले असते. ‘आज कशी काय आठवण झाली?’ मंगळवारी केला तरी तेच, बुधवारी पुन्हा केला तरी तेच. मग मी फोन हातात घेतो आणि म्हणतो, नंतर करू.” आता तो गाडीतूनच फोन करतो, ऑफिस पाच मिनिटांवर आले की, म्हणजे बोलणे लांबायच्या आत संपते. हे त्याने शरमेने सांगितले. आणि ताईंची मुख्य तक्रार काय होती? “करतो तो गाडीतून, उरकल्यासारखा.”

दोघेही खरे बोलत होते. तो उरकतच होता. पण तो का उरकायला लागला हे ताईंना दिसत नव्हते, कारण स्वतःचे वाक्य स्वतःला टोमणा वाटत नाही. ते आपल्याला दुखावलेले प्रेम वाटते.

डाऊनीबाईंनी 1998 साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच जागेवर बोट ठेवतो. जोडप्यांना मतभेदाच्या एका विषयावर बोलायला बसवले आणि ते बोलणे चित्रित केले. ज्या मुलींना धास्ती जास्त होती, त्या बोलताना जास्त कडवट वागल्या, आणि बोलणे संपल्यावर त्यांचे जोडीदार जास्त रागावलेले निघाले. ज्याची भीती होती ते त्यांच्या वागण्यातूनच थोडेफार घडत गेले. हा अभ्यास अमेरिकेतल्या तरुण जोडप्यांचा होता, आपल्यासारख्या म्हाताऱ्यांचा नाही, आणि त्या बोलण्याच्या प्रयोगात पुरुषांच्या बाबतीत असे आढळले नाही. तेव्हा तो जसाच्या तसा आपल्यावर लावू नये. पण ताईंच्या स्वयंपाकघरात मी जे ऐकले ते मला त्याच जातीचे वाटले.

मी स्वतः या खेळात दुसऱ्या बाजूलाही होते, तेही सांगते. दवाखान्यात एक आजोबा यायचे. दारातच उभे राहून म्हणायचे, “सिस्टर, तुम्हाला वेळ नसेलच.” मी मान वर करेपर्यंत ते निघून गेलेले असत. आठ-दहा वेळा असे झाल्यावर मला त्यांचा राग यायला लागला. एके दिवशी मी म्हटले, “खरेच नाही हो आज.” त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनी पैज जिंकली. त्यांना औषधाच्या चिठ्ठीचे विचारायचे होते, दोन मिनिटांचे काम.

ही धास्ती माणसात येते कुठून? अशा धास्तीची मुळे पुष्कळदा खऱ्या नकारात असतात, आणि ताईंच्या बाबतीत मला ती स्पष्ट दिसतात. त्या 1962 साली सोळा वर्षांच्या असताना इथे आल्या. त्यांच्या मोठ्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा एका कचेरीत त्यांना आईच्या, आजीच्या, पणजीच्या यहुदी असण्याचे पुरावे आणायला सांगितले. त्या वर्षांत आपल्या कित्येक घरांना हे ऐकावे लागले. 1964च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपण सर्व बाबतीत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. ताई त्या कचेरीत बहिणीबरोबर बाकावर बसलेल्या होत्या. बंद दार त्यांनी कल्पनेत पाहिले नाही. तिथे सावध राहणे शहाणपणाचे होते. पण साठ वर्षांनंतर त्याच सावधपणाने त्या मुलाच्या दारावर उभ्या आहेत, आणि ते दार कडी न लावता नुसते लोटलेले आहे.

म्हणून मला आपल्या पिढीच्या एका वाक्याविषयी स्पष्ट बोलायचे आहे, कोणाला राग आला तर येवो. “मला कोणावर ओझे व्हायचे नाही.” आपण हे अभिमानाने म्हणतो. पुष्कळदा तो अभिमान नसतो, धास्ती असते, चांगली साडी नेसलेली. आणि “बघू किती दिवसांनी आठवण येते” ही परीक्षा तर सर्वांत वाईट. जिला परीक्षा आहे हेच माहीत नाही, ती मुले तिच्यात पास होणार कशी? ताईंच्या परीक्षेचे चौदा दिवस झाले आणि त्यात फुप्फुसात पाणी भरले.

मात्र प्रत्येक दुखावलेपणाला हे नाव देऊ नका. ज्यांना पूर्वी असे कधी वाटत नव्हते आणि आता अचानक सगळे आपल्याला टाळतात असे वाटू लागले, त्यांनी आधी कान तपासून घ्यावेत. म्हातारपणी उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे बायकांचे आणि मुलांचे बोलणे अर्धवट पोहोचते, आणि अर्धवट बोलणे तुटक वाटते. झोप आणि भूक गेली आहे, कशात मन लागत नाही, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला औषध आहे. नव्यानेच संशय येऊ लागला, वस्तू चोरीला गेल्या असे वाटू लागले, तर डॉक्टरांना सांगावे, ते विसरण्याच्या आजाराचे पहिले चिन्हही असू शकते. आणि काही घरांत मुले खरोखरच विचारत नाहीत. ते ओळखायची माझी रीत अशी: दिवस, वेळ आणि काम सांगून सरळ शब्दांत तीन वेगवेगळ्या वेळी मागून बघा. तिन्ही वेळा काही कारण न देता टाळले, किंवा पैसे काढून घेतात, अंगावर ओरडतात, हात उगारतात, तर ती तुमची धास्ती नव्हे. मग दवाखान्यातल्या ओवेदेत सोत्सियालितकडे जायचे, लाज न बाळगता.

ताईंच्या बाबतीत आम्ही दोनच गोष्टी धरल्या. पहिली, फोनवरचे पहिले वाक्य. “आज कशी काय आठवण झाली” च्या जागी “बरे झाले फोन केलास.” ताई म्हणाल्या, “खोटे वाटेल गं.” मी म्हटले, फोन आला म्हणून बरे वाटत नाही का? वाटते म्हणाल्या. मग खोटे कसे? कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फोनजवळ चिकटवला. धास्ती मनातून काढणे अवघड आहे आणि त्या वयात मी त्याच्या मागे लागले नसते. पण मनात धास्ती उठणे आणि तोंडातून टोमणा निघणे यांच्यामध्ये क्षणभराची जागा असते, तिथे कागद चिकटवता येतो.

दुसरी, मागणे सरळ करायचे. “मंगळवारी चार वाजता मला हृदयाच्या डॉक्टरकडे नेशील का? नसेल जमत तर आत्ताच सांग, मी टॅक्सी सांगते.” यात नाही म्हणायला जागा आहे, आणि नाही म्हटले तर त्याचा अर्थ फक्त मंगळवारपुरता राहतो.

पहिल्याच वेळी मुलगा म्हणाला, “मंगळवारी नाही जमत, इमा.” ताईंनी कागदावरचे काही पाळले नाही. फोन ठेवला आणि माझ्याशीसुद्धा दोन दिवस बोलल्या नाहीत. मंगळवारी टॅक्सीने गेल्या. संध्याकाळी मुलाचा फोन आला, डॉक्टर काय म्हणाले, गोळी बदलली का, पुढची तारीख कधीची. ताई मला म्हणाल्या, “त्याच्या लक्षात होते गं!” चार वाजता जमत नसणे आणि आई नको असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा हाताला लागले. माझ्या सांगण्याने लागले नव्हते.

वजनाचेही एक ठरवले. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी काट्यावर उभे राहायचे आणि नुसता आकडा मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. शब्द नाही, तक्रार नाही. तो अंगठा पाठवतो. कधी त्याच्या धाकट्या मुलीचा फोटो येतो. एका गुरुवारी आकडा पाठवायचा राहिला, तर आठ वाजता सुनेचा फोन आला. अजूनही ती नावानेच हाक मारते, आणि ताईंना अजूनही ते आवडत नाही.

हे सगळे मी ताईंच्या परवानगीने लिहिले आहे. परवा त्यांचा मला फोन आला. मुलाला शब्बाथसाठी बोलावले होते, सरळ विचारून. तो म्हणाला, या शुक्रवारी नाही, बायकोच्या आईकडे जायचे आहे, पण शनिवारी शब्बाथ निघाल्यावर चौघे येतो. मी विचारले, “मग कसे वाटले?” ताई म्हणाल्या, “लागले थोडे. पण मासळी शनिवारी रात्रीपर्यंत टिकेल का ते सांग आधी.”